अवकलजाला उडी का मारता येत नाही

प्रश्न: "x² sin(1/x) चा अवकलज 0 पाशी संतत नसतो, हे मला पटलं. पण सर म्हणाले की अवकलज असंतत असला तरी तो उडी मारू शकत नाही. असंतत म्हणजे उडीच ना? आणि |x| चा अवकलज तर 0 पाशी −1 वरून थेट +1 वर जातो, मग ते कसं चालतं?"

आधी |x| चं बघू, कारण गोम तिथेच आहे. 0 च्या डावीकडे त्याचा चढ −1 आहे, उजवीकडे +1 आहे आणि खुद्द 0 पाशी त्याला अवकलजच नाही. सर जे म्हणाले त्याला एक अट आहे: ज्या अंतरालाबद्दल बोलतोय त्यातल्या प्रत्येक बिंदूपाशी फलन अवकलनीय असलं पाहिजे, एकही बिंदू वगळायचा नाही. |x| ही अट एकाच बिंदूपाशी मोडतो, आणि नेमका तिथेच तुम्हाला उडी दिसते. हा योगायोग नाही. खाली जे सिद्ध करणार आहे त्याचा अर्थच असा की चढ जिथे उडी मारतो तिथे अवकलज अस्तित्वात असूच शकत नाही.

आता "असंतत म्हणजे उडीच ना?" हा भाग. एखादं फलन g एका बिंदूपाशी असंतत असेल तर तिथे नक्की काय बिघडलंय हे वेगवेगळं असू शकतं. डावीकडून आणि उजवीकडून येणाऱ्या दोन्ही सीमा अस्तित्वात आहेत पण त्या वेगळ्या आहेत, ही झाली उडी. दोन्ही सीमा आहेत, समानही आहेत, पण त्या बिंदूवरची g ची किंमत भलतीच आहे, असंही होतं. तेवढी एक किंमत बदलली की फलन दुरुस्त होतं. आणि तिसरी शक्यता म्हणजे निदान एका बाजूने सीमाच अस्तित्वात नसते: किमती अनंताकडे पळतात किंवा कशावरही स्थिर न होता वर-खाली होत राहतात. x² sin(1/x) च्या अवकलजाचं 0 पाशी हे शेवटचं होतं. तो असंतत आहे, पण उडी मारत नाही, कारण उडी मारायला आधी दोन्ही बाजूंना सीमा हव्यात आणि इथे त्या नाहीतच.

म्हणजे प्रश्न असा उरतो की अवकलजाच्या वाट्याला पहिले दोन प्रकार का येत नाहीत. याचं सगळं मर्म एका छोट्या विधानात आहे. पुस्तकात ते बहुधा लाग्रांजच्या मध्यमान प्रमेयानंतर उदाहरणसंग्रहात कुठेतरी असतं आणि वाचताना निसटून जातं.

विधान असं. समजा f हे a पाशी संतत आहे, a च्या उजवीकडे थोड्या अंतरापर्यंत अवकलनीय आहे, आणि x उजवीकडून a कडे जाताना f'(x) ची सीमा L आहे. तर a पाशी f चा उजवा अवकलज अस्तित्वात असतो आणि तो L एवढाच असतो.

सिद्धता दोन ओळींची आहे, पण त्या दोन ओळी सावकाश वाचा. छोटा धन h घ्या. [a, a+h] वर f संतत आहे आणि आतल्या प्रत्येक बिंदूपाशी अवकलनीय आहे, म्हणून मध्यमान प्रमेयानुसार a आणि a+h यांच्यामध्ये असा एक c मिळतो की

(f(a+h) − f(a)) / h = f'(c).

h शून्याकडे गेला की c ला पळायला जागा उरत नाही. तो a आणि a+h यांच्या कात्रीत सापडलेला असतो. f'(x) ची सीमा L आहे, म्हणून f'(c) सुद्धा L कडे जातो. डावी बाजू म्हणजे उजव्या अवकलजाचीच व्याख्या. काम झालं. ε–δ च्या भाषेत हवं असेल तर: दिलेल्या ε साठी असा δ निवडा की a < x < a+δ असताना |f'(x) − L| < ε असेल. मग 0 < h < δ असलेल्या प्रत्येक h साठी c याच पट्ट्यात पडतो आणि डावीकडचं गुणोत्तर L पासून ε पेक्षा कमी अंतरावर राहतं.

यात एक गोष्ट नीट बघा. c आपण निवडत नाही, प्रमेय देतं, आणि तो कुठे आहे ते आपल्याला कळत नाही. तरी काही अडत नाही, कारण f' ची सीमा L आहे असं म्हटलं की a जवळच्या सगळ्याच बिंदूंवर f' ही L च्या जवळ असते, मग c कुठलाही का असेना. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. गुणोत्तराला सीमा आहे एवढंच माहीत असेल तर f' बद्दल आपल्याला फक्त त्या मोजक्या c वरची माहिती मिळते. बाकीच्या बिंदूंवर f' काय करते यावर काहीच बंधन येत नाही. अवकलज असंतत होऊ शकतो तो याच फटीतून.

आता उडीचा निकाल लावू. f हे a पाशी आणि आसपास सगळीकडे अवकलनीय आहे असं धरा. अवकलनीय आहे म्हणजे संतत आहेच, त्यामुळे वरचं विधान लागू होतं, आणि डाव्या बाजूलाही तसंच लागू होतं. समजा डावीकडून f' ची सीमा L आहे आणि उजवीकडून R आहे. विधानानुसार डावा अवकलज L आणि उजवा अवकलज R. पण f'(a) अस्तित्वात आहे म्हणजेच डावा आणि उजवा अवकलज दोन्ही f'(a) एवढे आहेत. म्हणून L = f'(a) = R, आणि f' तिथे संतत आहे. दोन्ही सीमा असल्या की अवकलजाला संतत असण्यावाचून गत्यंतर नाही. यात उडी तर गेलीच, शिवाय दुसरा प्रकारही गेला: सीमा एक आणि f'(a) भलतंच, असंही होत नाही.

अनंताचं काय? f'(x) उजवीकडून +∞ कडे जात असेल तर त्याच युक्तिवादाने गुणोत्तरही +∞ कडे जातं, म्हणजे a पाशी सांत अवकलज नाही. x चं घनमूळ हे याचं नेहमीचं उदाहरण: 0 पाशी स्पर्शिका उभी होते आणि अवकलज उरत नाही. म्हणून जिथे f'(a) अस्तित्वात आहे आणि तरी f' तिथे असंतत आहे, तिथे निदान एका बाजूने f' ला सांत सीमा नाही आणि अनंत सीमाही नाही. ती आंदोलित होत राहते. "निदान एका बाजूने" हे शब्द मुद्दाम वापरतोय. x > 0 साठी x² sin(1/x) आणि x ≤ 0 साठी 0 असं फलन घेतलं तर त्याचा अवकलज डावीकडून शांतपणे 0 वर येतो आणि उजवीकडे मात्र आंदोलत राहतो. तेवढं चालतं.

तुमचं उदाहरण आता जवळून पाहू, कारण ते पटलं असलं तरी त्यात नेमकं काय घडतंय हे आकडे मांडल्यावर जास्त स्पष्ट होतं. f(x) = x² sin(1/x) आणि f(0) = 0. शून्य सोडून इतरत्र

f'(x) = 2x sin(1/x) − cos(1/x),

आणि 0 पाशी व्याख्येने: f(h)/h = h sin(1/h), ज्याचं केवलमूल्य |h| पेक्षा जास्त नाही, म्हणून f'(0) = 0.

x = 1/(100π) घ्या, म्हणजे सुमारे 0.003183. इथे sin(1/x) = 0 आणि cos(1/x) = 1, म्हणून f' = −1. आता जरा डावीकडे x = 1/(101π), म्हणजे सुमारे 0.003152. इथे f' = +1. दोन बिंदूंमधलं अंतर फक्त 0.00003 च्या आसपास, आणि तेवढ्यात चढ +1 वरून −1 वर आला. पण दोन्ही बिंदूंवर खुद्द f ची किंमत 0 आहे. मधल्या जागेत आलेखाला एक बारीकसा उंचवटा आहे, त्याची उंची सुमारे x² म्हणजे 0.00001. पुढे शून्याच्या जवळ जाल तसे हे उंचवटे आणि खळगे अरुंद होतात, आणि त्याच प्रमाणात बुटकेही होतात. रुंदी आणि उंची दोन्ही x² च्या प्रमाणात घटत असल्यामुळे त्यांच्या उतारांची तीव्रता मात्र कमी होत नाही. ती +1 आणि −1 च्या आसपासच राहते.

आता मूळ बिंदूपासून आलेखावरच्या या बिंदूंपर्यंत जीवा काढा. (0, 0) ते (1/(100π), 0) ही जीवा सपाट आहे, तिचा चढ 0. दुसऱ्या कुठल्याही बिंदूपर्यंत काढली तरी तिचा चढ |x| च्या आत, म्हणजे इथे 0.0032 पेक्षा कमी. स्पर्शिका +1 आणि −1 यांमध्ये हेलकावे खात असताना जीवा जवळजवळ आडवी. आणि मध्यमान प्रमेय जो c देतं तो कुठे सापडतो? जीवा आडवी म्हणजे f'(c) = 0, म्हणजे c एखाद्या उंचवट्याच्या माथ्यावर किंवा खळग्याच्या तळाशी. जीवेला तेवढे माथे आणि तळच दिसतात, मधले तीव्र उतार दिसतच नाहीत. f'(0) अस्तित्वात असूनही f' ची सीमा नसते ती अशी.

इथे थोडं थांबून एका सवयीबद्दल बोलायला हवं, कारण उत्तरपत्रिकांत ती दोन्ही बाजूंनी नडते. तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या फलनाचा जोडबिंदूवरचा अवकलज काढताना विद्यार्थी दोन्ही तुकड्यांचे अवकलज काढतात, दोन्ही सीमा घेतात, जुळल्या तर "अवकलनीय", नाही जुळल्या तर "अवकलनीय नाही" असं लिहितात. ही रीत वरच्या विधानावर उभी आहे, पण विधानाच्या अटी कोणी तपासत नाही.

x ≤ 1 साठी f(x) = x² आणि x > 1 साठी f(x) = 2x + 5 घ्या. डाव्या तुकड्याचा अवकलज 2x, त्याची सीमा 2. उजव्याचा 2. जुळलं, म्हणून f'(1) = 2? f(1) = 1 आहे आणि उजवीकडून f ची सीमा 7 आहे; फलन तिथे संततच नाही, अवकलनीय कुठून असणार. व्याख्येने पाहिलं तर उजवं गुणोत्तर (7 + 2h − 1)/h = 2 + 6/h, जे अनंताकडे जातं. विधानातली "a पाशी संतत" ही अट शोभेची नाही, मध्यमान प्रमेय वापरायला तीच लागते. 2x + 5 च्या जागी 2x − 1 असतं तर दोन्ही तुकडे 1 पाशी नीट जुळले असते आणि f'(1) = 2 हे उत्तर पूर्ण बरोबर ठरलं असतं.

चूक उलट्या बाजूनेही होते. x² sin(1/x) वर हीच रीत लावली तर f' ची सीमा मिळत नाही आणि विद्यार्थी "अवकलनीय नाही" असं लिहून मोकळा होतो. विधान एवढंच सांगतं की सीमा असेल तर अवकलज आहे. सीमा नसेल तर ते गप्प आहे. अशा वेळी गुणोत्तराच्या व्याख्येकडे परत जाणं एवढाच मार्ग. दोन्ही बाजूंच्या सीमा आहेत पण वेगळ्या आहेत आणि f संतत आहे, असं असेल तर मात्र "अवकलनीय नाही" हे खात्रीने म्हणता येतं. |x| ची गोष्ट तीच.

यापेक्षा जोरकस गोष्ट फ्रेंच गणिती गास्तों दार्बू यांनी 1875 च्या असंतत फलनांवरील प्रबंधात मांडली. उडी नसणं हे एका बिंदूच्या शेजारचं वर्णन झालं. दार्बूंचं प्रमेय संपूर्ण अंतरालाबद्दल आहे: [a, b] वर f अवकलनीय असेल आणि λ ही f'(a) आणि f'(b) यांच्या मधली कुठलीही किंमत असेल, तर a आणि b यांच्यामध्ये असा c असतोच की f'(c) = λ. संतत फलनांचा मधल्या किमतींचा गुणधर्म आपण शिकतो. अवकलज संतत नसला तरी त्याला तो मिळतो.

पुस्तकातली नेहमीची सिद्धता अशी. f'(a) < λ < f'(b) धरा आणि g(t) = f(t) − λt घ्या. g संतत आहे, म्हणून [a, b] वर कुठेतरी तिची किमान किंमत येते. g'(a) ऋण आहे, म्हणजे a च्या लगेच उजवीकडे g ची किंमत g(a) पेक्षा कमी होते; किमान किंमत a वर नाही. g'(b) धन आहे, म्हणजे b च्या लगेच डावीकडे g ही g(b) पेक्षा कमी आहे. किमान किंमत b वरही नाही. ती आतल्या एखाद्या c वर आहे, तिथे g'(c) = 0, म्हणजेच f'(c) = λ. सुबक आहे, पण हा गुणधर्म मुळात येतो कुठून, हे मला या सिद्धतेत नीट दिसत नाही. म्हणून शिकवताना मी दुसरी वापरतो.

तिच्यात पुन्हा जीवाच आहेत. डावं टोक a वर घट्ट धरा आणि उजवं टोक t आलेखावरून सरकवत b पर्यंत न्या. या जीवेचा चढ

φ(t) = (f(t) − f(a)) / (t − a), आणि φ(a) = f'(a).

t > a असताना φ संतत आहे, कारण f संतत आहे. a पाशीही संतत आहे, कारण f'(a) ची व्याख्याच तशी आहे. आता उजवं टोक b वर धरा आणि डावं टोक a पासून b कडे सरकवा:

ψ(t) = (f(b) − f(t)) / (b − t), आणि ψ(b) = f'(b).

हीसुद्धा [a, b] वर संतत आहे. φ ने सुरुवात केली f'(a) पासून आणि ती थांबली पूर्ण जीवेच्या चढावर, त्याला M म्हणू. ψ तिथूनच, M पासून निघते आणि f'(b) वर पोचते. म्हणजे f'(a) पासून f'(b) पर्यंतचा प्रवास आपण दोन संतत टप्प्यांत केला, आणि वाटेतला प्रत्येक आकडा हा कुठल्या ना कुठल्या जीवेचा चढ आहे. f'(a) < λ < f'(b) असेल आणि M हा λ पेक्षा मोठा असेल, तर λ पहिल्या टप्प्यात गाठली जाते: φ(t) = λ असा t मिळतो. मग [a, t] वर मध्यमान प्रमेय लावलं की f'(c) = λ असा c मिळाला. M हा λ पेक्षा लहान असेल तर हेच दुसऱ्या टप्प्यात, [t, b] वर. M = λ असेल तर थेट [a, b] वर. f'(a) मोठा आणि f'(b) लहान असला तरी युक्तिवाद तोच.

खुद्द f' संतत आहे की नाही याची इथे कुठेच गरज पडली नाही. संतत आहे तो जीवेचा चढ, आणि जीवेच्या प्रत्येक चढाला मध्यमान प्रमेय एक समांतर स्पर्शिका शोधून देतं. अवकलजाला मधल्या किमती चुकवता येत नाहीत त्या यामुळे.

दार्बूंच्या प्रमेयातून उडीचा निकाल पुन्हा एकदा लागतो, तोही लगेच. समजा a पाशी f' ची डावी सीमा 2 आणि उजवी सीमा 5 आहे. मग a च्या अगदी डावीकडे f' ही 3 च्या खाली असते आणि अगदी उजवीकडे 4 च्या वर. एक बिंदू डावीकडचा आणि एक उजवीकडचा घेतला तर त्यांच्या दरम्यान f' ने 3.1, 3.5, 3.9 अशा सगळ्या किमती घेतल्याच पाहिजेत. पण त्यासाठी उरलाय एकच बिंदू, a. एका बिंदूवर एकच किंमत बसते. विसंगती.

इथून पुढे साहजिक प्रश्न येतो: मधल्या सगळ्या किमती घेणारं फलन कुणाचा तरी अवकलज असतंच का? नसतं, आणि हे दाखवणारं उदाहरण तुमच्याच उदाहरणातून निघतं. x ≠ 0 साठी H(x) = cos(1/x) घ्या आणि H(0) = k ठेवा, जिथे k ही −1 ते 1 मधली तुमच्या पसंतीची संख्या आहे. k कुठलीही घेतली तरी H ला मधल्या किमतींचा गुणधर्म आहे, कारण 0 च्या कितीही जवळ गेलात तरी cos(1/x) ही −1 ते 1 मधली प्रत्येक किंमत घेऊन मोकळी झालेली असते, k सकट. आता यातलं कुठलं H हा अवकलज आहे?

वरच्या सूत्रावरून x ≠ 0 असताना cos(1/x) = 2x sin(1/x) − f'(x). 2x sin(1/x) हे 0 पाशी 0 किंमत दिली की सगळीकडे संतत होतं, म्हणून त्याला प्रतिअवकलज आहे, त्याला G म्हणू. मग G − f चा अवकलज x ≠ 0 साठी cos(1/x) आहे आणि 0 पाशी 0 − 0 = 0. म्हणजे k = 0 असताना H हा खरोखर अवकलज आहे. आता समजा k = 1/2 असतानाही तो अवकलज आहे. दोन अवकलजांची वजाबाकी हाही अवकलजच असतो. पण या दोघांची वजाबाकी म्हणजे 0 पाशी 1/2 आणि बाकी सगळीकडे 0 असं फलन, आणि ते मधली एकही किंमत घेत नाही. दार्बूंच्या प्रमेयाने ते अवकलज असूच शकत नाही. म्हणून k = 0 हीच एकमेव किंमत चालते. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण एकाच युक्तीत दोन गोष्टी कळतात: मधल्या किमतींचा गुणधर्म अवकलज असायला पुरेसा नाही, आणि हा गुणधर्म असलेल्या दोन फलनांच्या वजाबाकीत तो टिकेलच असं नाही.

असंततता किती ठिकाणी असू शकते, असंही पुढेमागे मनात येईल. बरीच. व्होल्तेरा यांनी 1881 मध्ये असं फलन रचलं की त्याचा अवकलज सगळीकडे आहे, सीमितही आहे, पण इतक्या बिंदूंपाशी असंतत आहे की त्याचं रीमान समाकलन करता येत नाही. त्यांच्या रचनेत x² sin(1/x) च्या प्रतीच कँटोर प्रकारच्या संचाच्या मोकळ्या फटींमध्ये बसवलेल्या आहेत. याला मर्यादाही आहे. f'(x) ही n·(f(x + 1/n) − f(x)) या संतत फलनांची बिंदुगणिक सीमा असते, आणि अशा सीमांबद्दल बेर यांनी 1899 मध्ये दिलेल्या प्रमेयावरून कुठल्याही अंतरालात, तो कितीही लहान असो, अवकलज जिथे संतत आहे असे बिंदू सापडतातच. प्रत्येक बिंदूपाशी असंतत असा अवकलज नसतो.

"उडी नाही" आणि "मधल्या किमती सगळ्या" ही दोन विधानं मी वेगळी का ठेवली, हे शेवटच्या उदाहरणावरून दिसेल. संख्यांच्या जागी प्रतलातला फिरता बिंदू घ्या: वेळ t ला त्याचं स्थान (t² sin(1/t), t² cos(1/t)), आणि t = 0 ला (0, 0). दोन्ही घटक सगळीकडे अवकलनीय आहेत, 0 पाशी दोघांचाही अवकलज 0. t ≠ 0 असताना वेगाचे घटक 2t sin(1/t) − cos(1/t) आणि 2t cos(1/t) + sin(1/t). दोघांचे वर्ग करून बेरीज करा. मधली पदं एकमेकांना खातात आणि उरतं 4t² + 1. म्हणजे t = 0 हा एक क्षण सोडला तर बिंदूची चाल सतत 1 पेक्षा जास्त, आणि त्या एका क्षणी ती 0. चालीची 1/2 ही किंमत कधीच येत नाही. वेग सदिश म्हणून पाहिला तर 0 सदिश आणि बाकीचे सदिश यांच्यामध्ये रिकामं वलय आहे. सदिशांसाठी मधल्या किमतींचा गुणधर्म इथे साफ मोडला. पण प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तो पाळतोच, आणि पहिलं विधान घटकाघटकाला लावता येत असल्यामुळे वेगाचा सदिश 0 पाशी उडी मारत नाही. चालीला तिथे दोन्ही बाजूंनी 1 ही सीमा आहे, वेगाला मात्र एकाही बाजूने नाही. t शून्याकडे जाताना तो जवळजवळ एकक लांबीचा सदिश अधिकाधिक वेगाने गरगर फिरत राहतो आणि कुठल्याच दिशेवर स्थिरावत नाही.